सहा लाखांचं बक्षीस, हातात नेमके किती? लॉटरी-बक्षिसाच्या कराचा हिशेब करताना या चुका टाळा

लॉटरी लागली, टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत बक्षीस मिळालं किंवा सांगलीच्या एखाद्या दुकानाच्या दिवाळी सोडतीत दुचाकी निघाली, की पहिला हिशेब ठरलेला असतो: तीस टक्के कर कापला, उरलेले सत्तर आपले. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो. तीस टक्के ही कापून घेतलेली रक्कम आहे, देय असलेला कर नव्हे. दोन्हींतला फरक कधी काही हजारांचा निघतो, कधी चाळीस हजारांच्या घरात जातो.

इथले आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळात मिळालेल्या बक्षिसांचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने त्यानंतरच्या बक्षिसांसाठी कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. खाली दिलेले क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत.

चूक पहिली: ३० टक्के कापले म्हणजे कर संपला

बक्षीस देणारा कलम १९४बी नुसार ३० टक्के टीडीएस कापतो. भारतात राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही कपात सरळ ३० टक्के असते, तिच्यात उपकर धरत नाहीत. प्रत्यक्ष कर मात्र कलम ११५बीबी नुसार ३० टक्के आणि त्या करावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. मधले १.२ टक्के कोणी कापत नाही, ते विजेत्याने स्वतः भरायचे असतात. एक लाखाच्या बक्षिसावर हे बाराशे रुपये होतात. वर्षाचं एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं तर अधिभारही लागतो आणि दरी बरीच रुंदावते, पण ते भाग्य थोड्यांचं.

बाराशे रुपये राहिले म्हणून कोणाचं दिवाळं निघत नाही. खरा फटका बसतो तो पुढच्या चुकीत, आणि तो पगारदारांना जास्त बसतो.

चूक दुसरी: बक्षिसाचा कर वेगळा, पगाराचा वेगळा

साताऱ्यातल्या एका नोकरदाराचं उदाहरण घेऊ. वर्षाचा पगार ९,७५,०००. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेल्यावर करपात्र पगार ९,००,०००. त्यावर टप्प्यांप्रमाणे कर येतो: चार ते आठ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,००० आणि पुढच्या एका लाखावर १० टक्क्यांनी १०,०००, मिळून ३०,०००. पण एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने कलम ८७ए ची सवलत हा सगळा कर पुसून टाकते. देय कर शून्य. कार्यालयानेही पगारातून काही कापलेलं नाही.

जानेवारीत या माणसाला ६,००,००० ची लॉटरी लागते. १,८०,००० टीडीएस कापून खात्यात ४,२०,००० जमा होतात. घरात हिशेब होतो: पगाराला कर नाही, लॉटरीचा कापून झाला, विषय मिटला.

विषय मिटलेला नसतो. ८७ए साठी जे एकूण उत्पन्न बघतात, त्यात लॉटरीही धरतात. नऊ आणि सहा मिळून पंधरा लाख झाले, बारा लाखांची मर्यादा ओलांडली, आणि पगारावरची सवलत हातची गेली. आता हिशेब असा:

```
पगारावरचा कर              30,000
लॉटरीवर 30%             1,80,000
बेरीज                   2,10,000
4% उपकर                   8,400
एकूण कर                 2,18,400
वजा: कापलेला टीडीएस      1,80,000
अजून भरायचे               38,400
```

बक्षीस लागलं नसतं तर या माणसाचा कर शून्य होता. म्हणजे बक्षिसापायी एकूण २,१८,४०० गेले आणि सहा लाखांतले खऱ्या अर्थाने हातात राहिले ३,८१,६००. खात्यात ४,२०,००० दिसले म्हणून तेवढ्याची दुचाकी आणि दागिने झाले असतील, तर ३८,४०० खिशातून काढावे लागतात. दरवर्षी बाकी शून्य बघायची सवय असलेल्याला रिटर्न भरताना हा आकडा दिसला, की पहिला संशय सॉफ्टवेअरवर जातो. सॉफ्टवेअर बरोबर असतं.

बारा लाख जेमतेम ओलांडणाऱ्यांना थोडा दिलासा मिळतो, त्याला सीमांत सवलत म्हणतात. कर हा बारा लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा जास्त निघाला तरच ती उपयोगी पडते. इथे वरची रक्कम ३,००,००० आणि उपकराआधीचा कर २,१०,०००, म्हणून ती लागू नाही.

आता ३८,४०० कधी भरायचे? टीडीएस वजा जाता १०,००० किंवा त्याहून जास्त कर उरत असेल तर तो आगाऊ कर म्हणून त्याच आर्थिक वर्षात भरायचा असतो. लॉटरी कधी लागेल हे आधी कोणाला ठाऊक नसतं, हे कायद्यालाही मान्य आहे. म्हणून बक्षीस लागण्याआधीच्या हप्त्यांचं व्याज माफ असतं, अट एवढीच की पुढच्या हप्त्यात किंवा शेवटी ३१ मार्चपर्यंत पैसे भरलेले असावेत. जानेवारीतल्या विजेत्यासाठी १५ मार्चचा हप्ता ही सोयीची तारीख. ती चुकवून जुलैत रिटर्नसोबत भरले तर कलम २३४बी प्रमाणे महिना १ टक्का, एप्रिल ते जुलै चार महिने, म्हणजे १,५३६ रुपये जास्त जातात. हप्ता चुकल्याचं २३४सी चं व्याज त्याहून वेगळं. साठ वर्षांवरील आणि व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या मंडळींना आगाऊ कराची सक्ती नाही.

चूक तिसरी: दुसरं उत्पन्नच नाही, मग सगळा कर परत मिळेल

कराडच्या एका गृहिणीला ४,००,००० चं बक्षीस लागलं, दुसरं काहीच उत्पन्न नाही. कापले १,२०,०००. शेजारी सांगतात, ‘चार लाखांपर्यंत करच नाही, रिटर्न भरा, सगळे परत येतील.’ तसं होत नाही. लॉटरीच्या उत्पन्नाला मूळ सूट मर्यादा लागू होत नाही, पहिल्या रुपयापासून ३० टक्के. ८०सी सारख्या वजावटी तिच्यावर चालत नाहीत. तिकिटांचा खर्चही वजा होत नाही, मग वर्षभर पाच हजारांची तिकिटं काढलेली असोत.

नव्या प्रणालीत लॉटरीसारख्या विशेष दराच्या उत्पन्नावर ८७ए ची सवलतही नाही. म्हणून या गृहिणीचा कर १,२४,८०० होतो आणि परतावा राहिला बाजूला, उलट ४,८०० भरावे लागतात.

इथे एक बारकी वाट आहे आणि ती अनेकांच्या नजरेतून सुटते. जुन्या प्रणालीत एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १२,५०० पर्यंतची ८७ए सवलत लॉटरीवरच्या करालाही मिळते. १,२०,००० मधून १२,५०० गेले, १,०७,५०० उरले, उपकर ४,३००, एकूण १,११,८००. म्हणजे ८,२०० परत मिळतात. दोन प्रणालींत १३,००० चा फरक. पण जुनी प्रणाली आपणहून निवडावी लागते, आणि रिटर्न मुदतीत भरलं तरच ती निवड चालते. उशीर झाला की नवी प्रणाली गळ्यात पडते. बक्षीस आणि बँकेचं व्याज मिळून पाच लाखांच्या वर दहा रुपये जरी गेले तरी ही वाट बंद.

चूक चौथी: दहा हजारांच्या आत कर माफ

१०,००० ही टीडीएसची मर्यादा आहे, कराची नाही. १ एप्रिल २०२५ पासून ती वर्षभराच्या बेरजेला नव्हे, तर प्रत्येक स्वतंत्र बक्षिसाला लावतात. म्हणून ८,००० च्या बक्षिसातून काही कापलं जाणार नाही, पण रिटर्नमध्ये ते दाखवायचं आणि ३१.२ टक्क्यांनी २,४९६ कर धरायचा.

ऑनलाइन खेळांना ही मर्यादाही नाही. त्यांची कलमं वेगळी, १९४बीए आणि ११५बीबीजे. दोन्हींची सरमिसळ करू नये.

चूक पाचवी: वस्तू मिळाली, पैसे नाहीत, मग कर कसला?

दुकानाची सोडत कायद्याच्या भाषेत लॉटरीच, मग तिला ‘ग्राहक महोत्सव’ म्हणा नाहीतर ‘भाग्यवान ग्राहक योजना’. समजा, १,१०,००० ची दुचाकी आणि १५,००० रोख असं बक्षीस आहे. कर १,२५,००० वर मोजतात, ३० टक्के म्हणजे ३७,५००. रोख फक्त १५,०००, ती सगळी करात गेली तरी २२,५०० कमी पडतात. ही रक्कम भरल्याची खात्री झाल्याशिवाय आयोजकाने किल्ली देऊ नये असा नियम आहे. म्हणून विजेत्याकडे आधी पैसे मागितले तर त्यात गैर काही नाही.

नेमका याच नियमाचा फायदा भामटे घेतात. ओळखायची खूण सोपी आहे. खरा आयोजक आपला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक सांगतो, तुमचा पॅन घेतो आणि नंतर कर कापल्याचं प्रमाणपत्र म्हणून फॉर्म १६ए देतो. ‘टॅक्स’ कोणाच्या खासगी यूपीआयवर पाठवायला सांगत असेल, किंवा काढलेल्याच नसलेल्या तिकिटाला बक्षीस लागलं असेल, तर फोन ठेवून द्यावा.

रिटर्न भरताना

आयटीआर-१ आणि आयटीआर-४ मध्ये लॉटरीचं उत्पन्न दाखवता येत नाही. पगारदाराने आयटीआर-२ घ्यावा, व्यवसाय असेल तर आयटीआर-३. `Schedule OS` या इतर उत्पन्नाच्या तक्त्यात आकडा ६,००,००० टाकायचा, खात्यात आलेले ४,२०,००० नाही. ही चूक सर्रास होते. उत्पन्न ४,२०,००० आणि टीडीएस १,८०,००० असं दाखवलं की ते २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या विवरणातल्या नोंदीशी जुळत नाही आणि नोटीस येते. त्याच पानावर खाली तारखांचा तक्ता असतो. जानेवारीतलं बक्षीस १६ डिसेंबर ते १५ मार्चच्या रकान्यात टाका. तो रकाना चुकला तर संगणक बक्षीस वर्षाच्या सुरुवातीचं समजून नसलेलं व्याज लावतो.

टीडीएस २६एएस मध्ये लगेच दिसला नाही म्हणून घाबरू नका. जानेवारी ते मार्चचं टीडीएस विवरण भरायची आयोजकाची मुदत ३१ मेपर्यंत असते, त्यामुळे नोंद दिसायला जून उजाडतो. जूनच्या शेवटीही दिसली नाही, तर आयोजकाला दिलेला पॅन अक्षर-अक्षर तपासा. पॅन चुकला असेल तर दुरुस्ती विवरण आयोजकालाच भरावं लागतं, तुमच्या रिटर्नमधून ती चूक सुधारत नाही.