रात्री उशिरा मन मोकळे करणाऱ्या मैत्रिणीला मर्यादा सांगताना : या चुका टाळा

दोन मैत्रिणी आहेत. एक कर्वेनगरला राहते आणि सकाळच्या सत्रातील शाळेत शिकवते, त्यामुळे तिचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. दुसरी वाकडला सासू-सासरे, नवरा आणि मुलगी यांच्यासह राहते व हिंजवडीत नोकरी करते. आठवड्यातून तीन-चार रात्री साडेअकराच्या सुमारास वाकडहून फोन येतो, घरातली कुरबूर, ऑफिसातला अपमान, नवऱ्याचे गप्प राहणे असे सारे बोलून होईतो एक वाजतो, आणि कर्वेनगरची मैत्रीण चार तासांच्या झोपेवर वर्गात उभी राहते. मैत्री तिला प्राणापलीकडे हवी आहे, पण झोपही हवी आहे. अशा वेळी मर्यादा घालावी की नाही हा प्रश्न उरत नाही. ती कशी घातली जाते यावरच मैत्रिणीला ती ‘वेळेबद्दलची अडचण’ वाटेल की ‘मी नकोशी झाले’ असे वाटेल हे ठरते. नेमक्या येथेच काही ठरावीक चुका होतात.

मर्यादा रात्रीच सांगणे

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे रडण्याच्या भरातल्या फोनवरच, मध्यरात्री, “हे आता रोजचं झालंय गं” असे बोलून जाणे. सांगणारी थकलेली असल्यामुळे तिचा स्वर तुटक येतो आणि ऐकणारी आधीच दुखावलेली असल्यामुळे तिला त्यात फक्त झिडकारणे ऐकू येते. मध्यरात्रीनंतर जागा असलेला मेंदू नकारात्मक गोष्टींकडे अधिक झुकतो आणि सारासार विचार मागे पडतो, असे गृहीतक निद्रेचा अभ्यास करणाऱ्या काही संशोधकांनी 2022 मध्ये मांडले. ते अजून सिद्धान्त म्हणून मान्य झालेले नसले, तरी रात्रीची भांडणे सकाळी किती लहान वाटतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून त्या रात्री मर्यादेचा विषय काढू नये, फक्त फोन आटोपता घ्यावा. “माझे डोळे मिटताहेत गं, दहा मिनिटं नीट ऐकते, उरलेलं उद्या संध्याकाळी बोलू, मीच फोन करते” एवढे पुरेसे आहे, मात्र दुसऱ्या दिवशी तो फोन खरोखरच करावा.

न सांगता दूर होणे

याच्या अगदी उलट चूक म्हणजे काहीच न बोलणे: व्हॉट्सॲपवरच्या निळ्या खुणा बंद करणे, शेवटची वेळ लपवणे, संवाद म्यूट करून सकाळी “अगं, झोप लागली होती” असे उत्तर देणे. मैत्रीण वेडी नसते. महिनाभरात तिच्या ते लक्षात येते आणि कारण माहीत नसल्यामुळे ती सर्वांत वाईट कारण गृहीत धरते. उघडपणे घातलेल्या मर्यादेपेक्षा हा अबोला कितीतरी अधिक लागतो.

‘रात्रीच का?’ हे न विचारणे

या साऱ्यात मला ही चूक सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे चांगल्या हेतूने घातलेली मर्यादाही टिकत नाही. “जरा लवकर फोन करत जा” असे सांगणे सोपे असते, पण लवकर फोन करता आला असता तर तिने केला नसता का? कर्वेनगरच्या मैत्रिणीने एका शनिवारी दुपारी निवांत भेटीत हे विचारले, तेव्हा सगळा उलगडा झाला. वाकडचे घर दोन खोल्या आणि हॉल एवढेच. हॉलमध्ये सासऱ्यांचा टीव्ही अकरापर्यंत चालतो, एका खोलीत नवऱ्याच्या ऑफिसच्या मीटिंगा असतात, दुसरीत मुलगी अभ्यास करते. सगळे झोपल्यावर बाल्कनीचे दार लोटून घेतले, की मगच सासूबाईंबद्दल बोलता येईल असा चौकोन तिला मिळतो. म्हणजे तिला रात्र नको होती, एकांत हवा होता.

कारण कळल्यावर पर्याय शोधता येतो. ऑफिसातून परतल्यावर लिफ्टने वर जाण्यापूर्वी ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीतच अर्धा तास थांबू शकते, पावणेसात ते सव्वासात. त्या वेळी कर्वेनगरची मैत्रीण भाजी निवडत असते, कान मोकळे असतात. पंधरा दिवसांतून एका रविवारी सकाळी दोघींनी वेताळ टेकडीवर भेटायचे, तेथे तर कोणी ऐकायलाही नसते. आणि रात्री मन अगदीच भरून आले तर व्हॉइस मेसेज पाठवायचा, मात्र तो सकाळी ऐकला जाईल आणि उत्तर दुपारनंतर येईल हे दोघींनाही ठाऊक असायचे.

प्रत्येकीचे कारण हेच असेल असे नाही. अमेरिकी वेळेनुसार काम करणाऱ्या मित्राची रात्र म्हणजे त्याची भर दुपार असते, त्याला आपला जेवणाचा मोकळा वेळ देता येतो. दारू घेतल्यावरच बोलणाऱ्या मित्राला सकाळी ते बोलणे नीट आठवत नाही, म्हणून त्याच्याशी शुद्धीवर असतानाच बोलण्याचा आग्रह धरावा. आणि झोपच येत नाही म्हणून जी फोन करते तिला मैत्रिणीइतकीच डॉक्टरांचीही गरज असते.

गुळमुळीत बोलणे आणि सबबी देणे

“सध्या मुलाची परीक्षा आहे”, “यांना आवडत नाही” अशा सबबी पुढे केल्या, की परीक्षा संपते आणि फोन पुन्हा सुरू होतात, शिवाय नवऱ्याच्या नावावर उगाच एक राग जमा होतो. मर्यादा आपली आहे तर ती आपल्याच नावाने सांगावी. तीत तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: मला काय जमणार नाही, काय नक्की जमेल आणि अपवाद कोणता. कर्वेनगरच्या मैत्रिणीने त्याच शनिवारी असे सांगितले:

“तुझं सगळं मला ऐकायचंय, पण रात्री साडेदहानंतर मला ऐकणं जमत नाही. झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी मी पोरांवर खेकसते. मंगळवारी आणि गुरुवारी पावणेसातला मी तुझी असेन, अर्धा तास पूर्ण. आणि खरंच काही आणीबाणी असेल तर लागोपाठ दोनदा फोन कर, मी उठेन.”

यात “तू फार बोलतेस” असा सूरही नाही आणि दहादा माफी मागणेही नाही. माफी फार मागितली की मर्यादा हा जणू अपराध ठरतो आणि समोरची तो माफ करायचा की नाही हे ठरवू लागते.

कधी उचलणे, कधी न उचलणे

ठरवून झाल्यावर पहिल्या आठवड्यात मन कच्चे पडते. सोमवारी फोन उचलला नाही, मंगळवारीही नाही, पण बुधवारी पाचव्यांदा वाजल्यावर दया आली आणि उचलला. यातून मैत्रीण नकळत एवढेच शिकते की पाच वेळा केल्यावर फोन उचलला जातो. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसले होते: दर वेळी मिळणाऱ्या फळापेक्षा अधूनमधून, अनिश्चितपणे मिळणाऱ्या फळामुळे सवय अधिक चिवट होते. म्हणून कधी कधी उचलणे हे दयाळूपणाचे वाटले तरी प्रत्यक्षात दोघींचाही त्रास लांबवते. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. मर्यादा नवीन असताना फोन काही दिवस कमी होण्याऐवजी वाढू शकतात, आणि याच टप्प्यावर बहुतेक जण “उपयोग होत नाही” म्हणून हार मानतात.

येथे इच्छाशक्तीपेक्षा फोनची सेटिंग अधिक कामास येते. ‘डू नॉट डिस्टर्ब’ साडेदहा ते पाच अशा वेळापत्रकावर लावावे आणि आई-वडिलांसारखे मोजके क्रमांक त्यातून वगळावे. या सोयीत पुन्हा फोन करणाऱ्याला वाट मोकळी ठेवण्याचा पर्यायही असतो: अँड्रॉइडवर साधारणपणे पंधरा मिनिटांत आणि आयफोनवर तीन मिनिटांत त्याच क्रमांकावरून दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजतो. “लागोपाठ दोनदा कर” या वचनाचा आधार हीच सेटिंग आहे, म्हणून ती सुरू आहे का हे घरातल्या एखाद्याच्या फोनवरून एकदा करून पाहावे.

दोनदा फोन आला आणि विषय मात्र सासूबाईंच्या टोमण्याचाच निघाला तर रागावू नये. “आत्ता तू सुरक्षित आहेस ना?” एवढे विचारावे, उत्तर होकारार्थी आले तर “मग उद्या पावणेसातला सगळं ऐकते” म्हणून दोन मिनिटांत फोन ठेवावा. दुसऱ्या दिवशी मात्र आपणच आठवणीने तो विषय काढावा.

आणीबाणीतही मर्यादेला चिकटून राहणे

“मी नसते तर सगळ्यांचं बरं झालं असतं”, “आता सहन होत नाही, संपवावंसं वाटतं” अशी वाक्ये, अचानक घेतलेला निरोप, साठवून ठेवलेल्या गोळ्यांचा उल्लेख किंवा घरात चाललेली मारहाण यांपैकी काहीही कानावर आले तर त्या रात्रीपुरती मर्यादा बाजूला ठेवावी. “जीव द्यावासा वाटतोय का?” असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट बोलायला वाट मिळते. टेली-मानस ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 वर चोवीस तास आणि मराठीतही बोलता येते. जिवाला तात्काळ धोका असेल तर 112, आणि घरातील हिंसाचारासाठी महिलांकरिता 181. तिला एकटी राहू देऊ नये, घरातील किंवा शेजारच्या विश्वासू व्यक्तीला जागे करावे, आणि हे गुपित ठेवण्याचे वचन देऊ नये. दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्यायला तिच्यासोबत जावे, कारण अशा रात्री पुन्हा पुन्हा येत असतील तर एकट्या मैत्रिणीच्या ऐकण्याने ते भागणारे नाही.

वेळ बदलली, पण गाऱ्हाणे तेच

पावणेसातचा अर्धा तास जुन्याच प्रसंगाची उजळणी करण्यात जात असेल तर तेही सुधारावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अमांडा रोज यांनी 2002 मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास मांडला. त्यात आढळले की एकमेकांशी अडचणी पुन्हा पुन्हा घोळत बसणाऱ्यांची मैत्री अधिक घट्ट असते, पण त्यांच्यात निराशा आणि चिंताही अधिक आढळते. म्हणून सुरुवातीलाच विचारावे, “आज नुसतं ऐकू, की काही करता येईल का बघूया?” आणि शेवटची पाच मिनिटे मुलीची परीक्षा, नवी साडी, कुठल्याही वेगळ्या विषयासाठी राखावी.

ती रुसली तर

“ठीक आहे, आता त्रास नाही देणार” असा मेसेज येण्याची शक्यता बरीच असते. त्याला रात्री उत्तर देऊ नये आणि घाबरून मर्यादाही मागे घेऊ नये. सकाळी लिहावे: “त्रास नाही गं. गाडी लावलीस की सांग, मी फोन करते.” पहिले काही फोन आपणहून करणे फार मोलाचे ठरते, कारण तिला शब्दांपेक्षा आपल्या येणाऱ्या फोनवरून आपली जागा कळते. दोन आठवड्यांनंतरही ती ठरलेली वेळ वापरत नसेल तर पुन्हा विचारावे: कदाचित पार्किंगमध्ये शेजारीण येऊन गप्पा मारत असेल किंवा त्या वेळी मुलीला क्लासहून आणायचे असेल. तसे असेल तर संध्याकाळची वेळ बदलावी, साडेदहाची बदलू नये.