या चुका टाळा: घरदुरुस्तीच्या जाहिरातींचे मर्यादित बजेट वाटताना

रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळसारख्या ठिकाणी घरांच्या नूतनीकरणाची कामे घेणारा कंत्राटदार गूगलवर जाहिरात सुरू करतो, तेव्हा तो बहुधा प्रत्येक सेवेसाठी वेगळे कॅम्पेन उघडतो आणि पैसे सगळ्यांना सारखे वाटून टाकतो. नुकसानीची सुरुवात इथेच होते. समजा महिन्याला १५,००० रुपये आहेत. गूगल महिना ३०.४ दिवसांचा धरते, म्हणजे दिवसाला साधारण ४९३ रुपये येतात. गळती, पत्राशेड, किचन, बाथरूम आणि संपूर्ण घर अशी पाच कॅम्पेन केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभरही येत नाहीत. क्लिक २५ रुपयांना पडत असेल आणि वीस क्लिकमागे एक फोन येत असेल, तर एका कॅम्पेनला पाच दिवसांत एकच फोन येईल. महिन्याच्या सहा फोनांवरून कोणते कॅम्पेन चालते आणि कोणते नाही, हे कोणालाही सांगता येणार नाही.

बजेट कॅम्पेनच्या पातळीवर ठरते, तर कीवर्ड, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात दिसावी ते शब्द, आणि जाहिरातीचा मजकूर कॅम्पेनच्या आतल्या अ‍ॅड ग्रुपच्या पातळीवर वेगळा ठेवता येतो. त्यामुळे एवढ्या रकमेत दोनच कॅम्पेन पुरेशी आहेत: गळती आणि पत्राशेड हे तातडीचे काम एकात, तर किचन, बाथरूम आणि संपूर्ण घर हे विचार करून ठरणारे काम दुसऱ्यात.

दुसरी चूक अधिक महागात पडते, कारण ती हिशेब केल्यावर होते. वरच्या दोन कॅम्पेनना प्रत्येकी ७,५०० रुपये दिले आहेत असे धरू. गळतीच्या कॅम्पेनमधून ३० फोन आले, आठ कामे ठरली आणि प्रत्येकी ३,००० प्रमाणे २४,००० रुपये सुटले. नूतनीकरणाचे फोन दहाच आले, पण ठरलेल्या एका कामात ६०,००० सुटले. साहजिकच सगळे पैसे नूतनीकरणाकडे वळवावेसे वाटतात. त्याआधी कॅम्पेनच्या तक्त्यात `Search lost IS (budget)` आणि `Search lost IS (rank)` हे दोन रकाने जोडून पाहावेत. पहिला रकाना पैसे संपल्यामुळे किती वेळा जाहिरात दिसली नाही ते सांगतो, तर दुसरा जाहिरातीच्या जागेसाठी गूगल घेते त्या लिलावात बोली किंवा जाहिरातीचा दर्जा कमी पडल्यामुळे किती वेळा दिसली नाही ते सांगतो.

आपल्या उदाहरणात गळतीचे कॅम्पेन बजेटमुळे ५० टक्के संधी गमावते. नूतनीकरणाचे मात्र बजेटमुळे केवळ ४ टक्के आणि रँकमुळे ५५ टक्के गमावते, शिवाय ७,५०० पैकी त्याचा खर्च ५,२०० रुपयांवरच थांबला आहे. अशा कॅम्पेनमध्ये आणखी पैसे ओतले तरी ते पडूनच राहतील. तिथे बोली वाढवणे, जाहिरातीत ग्राहकाने शोधलेलेच काम ठळकपणे लिहिणे आणि क्लिकनंतरच्या पानावर जांभ्याच्या घराच्या केलेल्या कामाची छायाचित्रे व फोन नंबर देणे, हा उपाय आहे. उरलेले २,३०० रुपये तोवर गळतीला द्यावेत. पावसाआधीच्या दिवसांत ते वाया जाणार नाहीत. नूतनीकरणाचा रँकमुळे होणारा तोटा घटून बजेटमुळे होणारा तोटा वाढू लागला, की मगच पैसे तिकडे परत न्यावेत. शिवाय महिन्यातले एक मोठे काम हा योगायोगही असू शकतो, म्हणून नफ्याची तुलना निदान तीन महिन्यांची करावी.

कोकणात तिसरी चूक ठिकाणाच्या सेटिंगमध्ये होते. घर गावी आणि मालक मुंबई-ठाण्यात, ही इथली नेहमीची परिस्थिती आहे. `Presence or interest` हा आधीच निवडलेला पर्याय त्या ठिकाणी असलेल्यांबरोबरच तिथल्याविषयी रस दाखवणाऱ्या बाहेरच्यांनाही जाहिरात दाखवतो. तो तसाच ठेवला, तर जिल्ह्यातले आणि बाहेरचे क्लिक एकाच बजेटवर पडतात आणि कोणी किती पैसे खाल्ले ते पटकन लक्षात येत नाही. स्थानिक कॅम्पेनला `Presence` निवडावे. चाकरमान्यांना गाठायचे असेल, तर मुंबई-ठाण्यासाठी लहानसे स्वतंत्र कॅम्पेन करावे आणि त्यात ‘रत्नागिरी घर दुरुस्ती’ असे गावाचे नाव असलेलेच कीवर्ड फ्रेज किंवा एक्झॅक्ट मॅचमध्ये, म्हणजे त्याच अर्थाच्या शोधांपुरते, ठेवावेत. दूरच्या संबंधित शोधांवरही जाहिरात दाखवणारा ब्रॉड मॅच ठेवला, तर डोंबिवलीतल्या फ्लॅटच्या गळतीसाठी फोन येऊ लागतात. असा एक जरी फोन आला तरी लोकांनी नेमके काय शोधले ते दाखवणारा सर्च टर्म्सचा अहवाल त्याच दिवशी उघडावा.

एखाद्या दिवशी खर्च ठरवलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत गेला म्हणून कॅम्पेन बंद करू नये. गूगल तेवढी मुभा घेते, पण महिन्याचा आकडा दैनिक बजेटच्या ३०.४ पटीत राखते. वाटणी बदलावी ती हंगामाप्रमाणे: एप्रिल-मेमध्ये गळती आणि पत्र्याकडे, तर पाऊस लागल्यावर बाहेरचे वॉटरप्रूफिंग थांबते तेव्हा गणपतीआधी उरकायच्या आतल्या कामांकडे. बोली स्वयंचलित असेल तर हा बदल टप्प्याटप्प्याने करावा आणि प्रत्येक टप्प्यानंतर दोन आठवडे थांबून मगच आकडे वाचावेत.