मशीनवर १९६/११४ दिसलं तर काय करायचं, आणि जिभेखालची गोळी का नको

रात्री दहाला बाबांचं बीपी १९६/११४ आलं. भाचीच्या लग्नात चार दिवस गोळ्या घरीच राहिल्या होत्या, वर पंगतीतलं लोणचं-पापड. आईने लगेच शेजारच्या काकांना हाक मारली, ते म्हणाले जिभेखाली ठेवायची एक कॅप्सूल असते, दहा मिनिटात खाली येतं. नशीब की ती घरात नव्हती.

सगळ्यात आधी आकडा खरा आहे का ते बघा. लघवीला जाऊन या, मग पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा शर्टाच्या बाहीवरून नाही तर उघड्या दंडावर. एक-दोन मिनिटांच्या अंतराने परत मोजा. घाबरून, बोलत बोलत मोजलं की वीसेक पॉइंट सहज वर दाखवतं, आणि दंड जाड असून पट्टा छोटा असेल तरी तसंच. बाबांचं दुसऱ्यांदा १८८/११० आलं, म्हणजे जास्तच होतं, पण पहिल्याइतकं नाही.

आता खरा प्रश्न. साधारण १८०/१२० च्या वर बीपी गेलं की डॉक्टर दोन गोष्टी वेगळ्या करतात आणि ते आकड्यावरून नाही, तर मेंदू, हृदय, किडनी, डोळे यांना आत्ता इजा होतेय का यावरून. होत असेल तर इमर्जन्सी, होत नसेल तर अर्जन्सी. म्हणजे २१० असून माणूस निवांत चहा पीत असेल तर ती अर्जन्सी असू शकते, आणि १८५ ला छातीत कळ येत असेल तर ती इमर्जन्सीच धरायची.

म्हणून माणसाकडे बघा. तोंड वाकडं झालंय का, दोन्ही हात उचलता येतात का, बोलणं अडखळतंय का? छातीत दुखणं, आडवं पडलं की दम लागणं, पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ, अचानक धूसर दिसणं, गोंधळल्यासारखं वागणं, फिट, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी. यातलं एकही असेल तर १०८ ला फोन, परत परत मोजत बसू नका. अर्धांगासारखं वाटलं तर शेवटचं नीट कधी होते ती वेळ कागदावर लिहून घ्या, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही ते बरंचसं त्यावर ठरतं. तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका. गरोदर बाईचं मात्र १६०/११० लाच, काही त्रास नसला तरी, थेट हॉस्पिटल.

बाबांना यातलं काही नव्हतं, डोकं थोडं जड, बस. म्हणजे अर्जन्सी. मग काय केलं? नेहमीची चुकलेली गोळी, एकच, चार दिवसांच्या चार नाही. अशा बऱ्याच रोजच्या गोळ्या चढायला काही तास घेतात, त्यामुळे तासाभरात आकडा हलला नाही म्हणून दुसरी घेतली की पहाटे दोन्हींचा असर एकदम येतो आणि बाथरूमला जाताना माणूस कोसळतो. शांत खोलीत बसवलं, तासाने मोजलं तर १७४, आणि सकाळी फॅमिली डॉक्टरकडे. त्यांनी गोळ्या परत रोजच्या चालू केल्या आणि दोन दिवसांनी बोलावलं.

आता त्या जिभेखालच्या कॅप्सूलबद्दल. ती निफेडिपिनची, एके काळी सर्रास द्यायचे. पण तिने बीपी किती आणि किती वेगाने पडेल यावर कुणाचाच ताबा राहत नाही, आणि ती घेतल्यावर अर्धांग आणि हार्ट अटॅक आल्याच्या नोंदी आहेत. कारण असं की वर्षानुवर्षं बीपी जास्त असलेल्या माणसाच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या त्या जास्त प्रेशरलाच सरावलेल्या असतात. नॉर्मल माणसाला ११० ला काही होत नाही, पण २०० वरून अर्ध्या तासात ११० ला आणलं तर यांच्या मेंदूला रक्तच पुरत नाही. चौथ्या मजल्याच्या हिशोबाने चालू असलेल्या पंपाचं प्रेशर एकदम कमी केलं की वरच्या नळाला पाणी येत नाही, तसं.

म्हणून खऱ्या इमर्जन्सीतसुद्धा आयसीयूत सलाईनमधून औषध थेंबाथेंबाने देतात आणि पहिल्या तासात साधारण पाव हिश्श्यापेक्षा जास्त उतरवत नाहीत. २२० असेल तर तासाभरात १६५ च्या खाली नाही, पुढच्या दोन ते सहा तासांत १६० च्या आसपास, आणि नॉर्मलकडे एक-दोन दिवसांत. महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फाटली असेल तर उलट, तिथे मिनिटांत १२० च्या खाली आणतात. आणि गुठळीने अर्धांग झालं असेल, ते विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं नसेल, तर २२०/१२० पर्यंत बऱ्याचदा हातही लावत नाहीत, कारण अर्धवट उपाशी मेंदूला तेवढंच प्रेशर रक्त पोचवत असतं. घरून निघताना "आधी एक बीपीची गोळी देऊन टाकू" हे म्हणूनच करायचं नाही, गुठळी आहे की रक्तस्राव ते सीटी स्कॅन झाल्याशिवाय डॉक्टरलाही कळत नाही.