फेल्युअर इंडेक्स उणे आला तेव्हा: त्साय-वू निकष मला कसा समजला

कॉम्पोझिटच्या कामाला लागून तिसराच महिना होता. कार्बन-इपॉक्सीची एक पातळ नळी, फायबर सगळे अक्षाशी ४५ अंशांवर, एकाच दिशेने गुंडाळलेले. नळीला पीळ द्यायचा आणि भिंतीतली प्लाय, म्हणजे फायबर आणि रेझिनचा एक थर, किती शिअरला निकामी होईल ते सांगायचं. नळीची टोकं लांबी बदलायला मोकळी होती, त्यामुळे भिंतीत शुद्ध शिअर धरणं बरोबर होतं. मी त्साय-वू निकषाची स्प्रेडशीट बनवली, १०० मेगापास्कल शिअर भरला आणि उत्तर आलं −१.०१.

इंडेक्स १ झाला की प्लाय गेली आणि स्ट्रेस नसेल तर इंडेक्स ०, एवढं मला पाठ होतं. मग उणे एक म्हणजे काय? दोन दिवस मी सूत्रातली चूक शोधत बसलो. सूत्र बरोबर होतं. इंडेक्स या आकड्याचा अर्थ मी चुकीचा धरला होता, आणि माझ्यानंतर आलेल्या जवळपास प्रत्येक नवख्याला मी हाच अर्थ धरताना पाहिलं आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो.

स्टीफन त्साय आणि एडवर्ड वू यांनी हा निकष १९७१ मध्ये मांडला. एका प्लायच्या प्रतलातल्या तीन स्ट्रेससाठी, म्हणजे फायबरच्या दिशेचा σ1, त्याला आडवा σ2 आणि शिअर τ12, तो असा लिहितात:

```
F1*σ1 + F2*σ2 + F11*σ1² + F22*σ2² + F66*τ12² + 2*F12*σ1*σ2 = 1

F1  = 1/Xt - 1/Xc      F11 = 1/(Xt*Xc)
F2  = 1/Yt - 1/Yc      F22 = 1/(Yt*Yc)
F66 = 1/S²             F12 = -0.5*sqrt(F11*F22)
```

X म्हणजे फायबरच्या दिशेची ताकद, Y म्हणजे आडवी, t ताणासाठी, c दाबासाठी, S शिअरसाठी. पाचही आकडे धनच भरायचे. दाबाची ताकद उणे भरली की F2 आणि F22 दोन्ही बिघडतात आणि तरीही स्प्रेडशीट काहीतरी उत्तर देतेच.

माझ्या प्लायचे आकडे या वर्गाच्या कार्बन-इपॉक्सीसाठी नेहमी वापरले जाणारे होते: Xt आणि Xc दोन्ही १५००, Yt ४०, Yc २४६, S ६८ मेगापास्कल. यातली एक गोष्ट नीट पाहा. आडव्या दिशेत दाबाची ताकद ताणाच्या सहापट आहे. रेझिन आणि फायबर यांच्यामधला सांधा ओढल्यावर सहज उकलतो, दाबल्यावर मिटलेला राहतो. सूत्रातलं F2*σ2 हे वर्ग नसलेलं पद याच फरकातून येतं. Yt आणि Yc सारखे असते तर F2 शून्य झाला असता आणि माझा गोंधळही झाला नसता.

आता नळी. ४५ अंशांच्या प्लायवर अधिक दिशेचा शिअर T लावला की फायबरच्या बाजूचा कर्ण ताणला जातो आणि दुसरा दाबला जातो. प्लायच्या स्वतःच्या अक्षांत σ1 = +T, σ2 = −T आणि τ12 शून्य. पीळ उलटा दिला की दोन्ही चिन्हं उलटतात. F1 इथे शून्यच आहे, कारण Xt आणि Xc सारखे. मग सगळं एका वर्गसमीकरणात मावतं:

```
1.088e-4 * T² - 0.02093 * T = 1
```

अधिक दिशेने सोडवलं तर T = २३२ मेगापास्कल, उलट दिशेने फक्त ३९.६. तीच नळी, तेच फायबर, पिळाची दिशा बदलली की ताकद जवळपास सहावा हिस्सा. पहिल्यांदा हे पाहिल्यावर माझा विश्वास बसला नाही. पण उलट्या पिळात σ2 ताणाचा असतो आणि आडव्या ताणात प्लाय ४० लाच जाते, त्यामुळे ३९.६ हे अपेक्षितच आहे. सरळ पिळात σ2 दाबाचा आहे आणि दाबाची मर्यादा २४६ आहे, म्हणून २३२.

आता तो उणे इंडेक्स. डाव्या बाजूला T = १०० टाका: १.०८८ वजा २.०९३, म्हणजे −१.०१. प्लाय शाबूत आहे, आणि या भाराच्या २.३२ पटीपर्यंत सोसेल.

मला हे आमच्या ज्येष्ठ सहकारी मॅडमनी फळ्यावर एक वाटी काढून समजावलं. डावीकडची राशी म्हणजे वाटीच्या आतल्या पृष्ठभागाची उंची. काठाची उंची १, काठावर पोचलात की प्लाय गेली. स्ट्रेस नसलेला आरंभबिंदू या वाटीच्या तळाशी नाही, तो उतारावर आहे, उंची ०. तळ दाबाच्या बाजूला सरकलेला आहे. आमच्या प्लायमध्ये नुसता σ2 धरला तर तो −१०३ मेगापास्कलच्या आसपास पडतो. ताणाच्या बाजूला पाऊल टाकलं की चढ लगेच सुरू होतो आणि काठ जवळच असतो. दाबाच्या बाजूला निघालं की आधी उतरायचं, मग तळ ओलांडून चढायचं. मी १०० वर उभा राहून उंची मोजत होतो आणि काठ किती लांब आहे हे त्यातून वाचायला बघत होतो.

त्या मग म्हणाल्या, "आता दोनशे घाल." घातले. इंडेक्स ०.१६ आला. मी म्हटलं, "मॅडम, सहापट सुरक्षित." त्यांनी फक्त २३२ कडे बोट केलं. २०० वर उभी असलेली प्लाय २३२ ला जाते. शिल्लक १६ टक्के होती आणि मी ती सहापट वाचली होती. उणे आकडा निदान माणसाला थांबवतो. ०.१६ सारखा सभ्य दिसणारा आकडा अहवालात शिरतो आणि त्यावर सही होते.

यावर उपाय म्हणजे स्ट्रेंथ रेशो R. तिन्ही स्ट्रेस एकत्र किती पट केले की काठ गाठला जाईल, ती पट म्हणजे R. वर्गाच्या पदांची बेरीज a आणि साध्या पदांची बेरीज b धरली की a·R² + b·R − १ = ०, आणि धन मूळ घ्यायचं:

```python
from math import sqrt
Xt, Xc, Yt, Yc, S = 1500, 1500, 40, 246, 68
F1, F2 = 1/Xt - 1/Xc, 1/Yt - 1/Yc
F11, F22, F66 = 1/(Xt*Xc), 1/(Yt*Yc), 1/S**2
F12 = -0.5*sqrt(F11*F22)

def R(s1, s2, t12):
    a = F11*s1**2 + F22*s2**2 + F66*t12**2 + 2*F12*s1*s2
    b = F1*s1 + F2*s2
    return (-b + sqrt(b*b + 4*a)) / (2*a)

print(R(200, -200, 0), R(-20, 20, 0))
```

हे १.१६ आणि १.९८ छापतं. दुसऱ्या बाबतीत, म्हणजे उलट्या पिळात २० मेगापास्कलला, इंडेक्स ०.४६ येतो आणि १/R ०.५०. दोन्ही जवळजवळ सारखे. धोका इथेच आहे: ताणाच्या बाजूला इंडेक्स आणि १/R जवळजवळ जुळतात, त्यामुळे तिथल्या उदाहरणांवर शिकलेल्या माणसाला दोन्ही एकच वाटायला लागतात.

विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न आणखी बिकट होतो. काही जागी "त्साय-वू इंडेक्स" म्हणून डावी बाजू छापतात, काही जागी १/R. नवीन सॉफ्टवेअर हातात आलं की मी मॅन्युअलच्या जोडीला एक छोटी चाचणी करतो. एकच एलिमेंट, शून्य अंशाची प्लाय, आणि σ2 = −१२३ मेगापास्कल, म्हणजे Yc च्या बरोबर निम्मा. R अर्थातच २ आहे. सॉफ्टवेअरने ०.५ दाखवलं तर ते १/R देतं आहे, −१.०४ दाखवलं तर डावी बाजू. ताणात निम्मा भार देऊन ही चाचणी करू नका. तिथे ०.५० आणि ०.४६ मधून निवडावं लागतं आणि डोळा चुकतो. याच एलिमेंटवर प्लायचा कोन +४५ करून शिअरचं चिन्हही तपासून घ्या. सहापट फरक एका उलट्या चिन्हात लपलेला असतो.

F12 बद्दल नवे लोक फार चिंता करतात. तो नीट मोजायचा तर दोन्ही दिशांना एकाच वेळी भार देणारी चाचणी लागते आणि ती अवघड आहे, म्हणून वर दिलेली −०.५ ची किंमत बहुतेक जण वापरतात. F12² हा F11·F22 पेक्षा लहान असायलाच हवा, नाहीतर वाटी मिटत नाही आणि एखाद्या दिशेने प्लाय कधीच तुटणार नाही असं उत्तर येतं. माझ्या नळीत मी F12 शून्य करून पाहिला: २३२ चे २४५ झाले आणि ३९.६ चे ४०. म्हणजे एका बाजूला सहा टक्के, दुसऱ्या बाजूला एक. तुमच्या भारात हा फरक किती पडतो ते असंच दोनदा सोडवून बघा. सगळ्याच भारांत तो इतका कमी असेल असं मात्र धरू नका. σ1 आणि σ2 दोन्ही मोठ्या दाबात असतील तिथे हा निकष अवाजवी उदार होतो, आणि तिथल्या आकड्यावर मी चाचणीशिवाय विसंबत नाही.

शिवाय R काय तुटलं ते सांगत नाही. फायबर तुटला की रेझिन उकललं, याचं उत्तर एका गुळगुळीत पृष्ठभागात नसतं. मी प्रत्येक पदाचा वाटा वेगळा छापतो. उलट्या पिळाच्या नळीत काठावर F2·σ2 एकट्याचा वाटा ०.८३ होता, म्हणजे आडवी उकल, यात शंका राहिली नाही.

आणि हे सगळं एका प्लायचं. ±४५ ची जोडी घेतली तर एका थराच्या आडव्या दिशेला शेजारच्या थराचे फायबर असतात, ते आडवी विकृती रोखतात, आणि σ2 खूप घटतो. तिथे आधी लॅमिनेटच्या गणितातून प्रत्येक प्लायचे स्ट्रेस काढायचे, मगच हा निकष लावायचा. क्युअरिंगनंतर थंड होताना प्लायमध्ये राहिलेला स्ट्रेस धरायचा असेल तर वरचं R चं सूत्र जसंच्या तसं चालत नाही, कारण भार वाढला तरी तो स्ट्रेस वाढत नाही. त्याला स्थिर ठेवून समीकरण पुन्हा मांडावं लागतं.

नळ्यांची चाचणी काही आठवड्यांनी झाली. उलट्या पिळात फायबरला समांतर एक स्वच्छ चीर नळीभोवती वळत गेली, एकही फायबर न तुटता, आणि भार हिशेबाच्या जवळ होता. सरळ पिळात भिंत २३२ च्या खूप आधीच बकल झाली. निकष एका बिंदूच्या ताकदीबद्दल बोलतो, पातळ भिंतीच्या स्थैर्याबद्दल त्यात एक अक्षरही नाही, आणि तो हिशेब मी केलाच नव्हता. २३२ चा आकडा तपासायला पुढच्या खेपेला जाड भिंतीच्या नळ्या गुंडाळाव्या लागल्या.