उद्घाटनाचं निमंत्रण वाचूनही लोक विचारत होते, 'कधी? कुठे?'

चष्म्याच्या दुकानाच्या उद्घाटनाचं निमंत्रण पाठवलं. त्यात सगळं लिहिलेलं असूनही तारीख आणि पत्ता विचारणारे फोन थांबेनात. वैताग आला.

आधी अक्षरं मोठी केली, मग सगळंच ठळक केलं. सगळंच ठळक झाल्यावर काहीच उठून दिसेना.

शेवटी मजकूर मोठ्याने वाचला, तेव्हा दोष सापडला. 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो की' पासून सुरू झालेल्या पाच ओळींच्या वाक्यात तारीख चौथ्या ओळीत होती. ते वाक्य काढलं. येण्याचं कारण सर्वांत वर घेतलं: 'डोळे मोफत तपासून घ्या'. त्याखाली वार, तारीख, वेळ एकाच ओळीत. 'येत्या रविवारी' काढलं, कारण पुढे पाठवलेल्या निरोपात त्याचा अर्थ बदलतो. पत्त्यात आधी ओळखीची खूण, मग रस्ता. 'आकर्षक सवलत'च्या जागी 'फ्रेमवर २० टक्के सूट, फक्त उद्घाटनाच्या दिवशी'. ठळक फक्त तारीख आणि सूट. मालकांची नावं तळाशी गेली (घरात थोडी कुरबुर झाली).

मग शेजाऱ्यांना पाच सेकंद दाखवून मोबाइल उलटा ठेवला. पत्ता सोडून सगळं त्यांनी सांगितलं, म्हणून पत्त्याच्या वर एक ओळ मोकळी सोडली. दुसऱ्या शेजाऱ्यांना कारण, तारीख-वेळ, पत्ता आणि सूट या चारही गोष्टी सांगता आल्या.