ट्रायल बॅलन्स टॅली होत नाही? आधी या चुका टाळा

म्हापशात अकाउंट्सच्या शिकवण्या घेते. दर जुलैत नवी मुलं येतात आणि दर जुलैत तेच होतं. ट्रायल बॅलन्सच्या दोन बाजू जुळल्या नाहीत की मूल पान फाडतं आणि सगळं पहिल्यापासून लिहायला घेतं. मग तीच चूक नव्या पानावर, जरा सुवाच्य अक्षरात.

पण त्याआधी माझ्या सर्वांत नावडत्या चुकीबद्दल लिहिते, कारण ती मीच दुसऱ्यांकडून करवून घेतली होती.

दुसऱ्याचं उत्तर उतरवणं

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मी वर्गात पहिली होते. त्यामुळे असाइनमेंटच्या आदल्या दिवशी माझी वही घरी यायचीच नाही. एकदा ती अशीच फिरली आणि सरांनी टेबलावर चौदा वह्या एका रांगेत मांडल्या. चौदाही ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत जुळलेले आणि चौदाही चूक. नवीन यंत्र बसवण्याची मजुरी, 2,600 रुपये, मी मजुरी खात्यात टाकली होती. ती यंत्राच्या किमतीत धरायची असते. दोन्ही खाती डेबिटचीच, म्हणून बेरजेला पत्ताही लागला नाही. सरांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "मूळ वही कुणाची?" कुणी बोललं नाही. चौदा जणांच्या वहीत एकच विचित्र चूक असली की बोलायची गरजही नसते म्हणा.

तेव्हा जुळलेल्या बेरजेवर भाळू नका. एखादा व्यवहार पुरता लिहायचाच राहिला, किंवा खर्च चुकीच्या पण त्याच बाजूच्या खात्यात गेला, तरी ट्रायल बॅलन्स निमूटपणे जुळतो. आणि माझी वही त्या दिवसापासून दप्तरातच राहिली.

फरक न वाचताच चूक शोधणं

पुढच्या असाइनमेंटला कँटीनमध्ये सगळे माझ्या टेबलाभोवती. बाहेर धो धो पाऊस, भाजी-पाव गार होतोय, आणि चारी बाजूंनी एकच प्रश्न, "टोटल कितलें आयलें गो?" डिचोलीच्या एका काजू व्यापाऱ्याचं गणित होतं. टोटल सांगितली असती तर दोन मिनिटांत सगळे पांगले असते. मी म्हटलं, टोटल सांगणार नाही. तुमच्या दोन बाजूंत किती फरक येतो आणि कुठली बाजू जड आहे, तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या.

सगळे चिडले. "पहिली येते म्हणून भाव खाते," असंही एकीने ऐकवलं. पण बस सुटायला तास होता, त्यामुळे चिठ्ठ्या आल्या.

पहिली चिठ्ठी: 9,000, क्रेडिट जड. मी विचारलं, यादीत 9,000ची रक्कम आहे का? होती, दुकानाचं भाडं. ते खतावणीतून ट्रायल बॅलन्समध्ये उतरवायचंच राहिलं होतं. डेबिटची रक्कम सुटली की क्रेडिट तेवढ्यानेच जड होणार. म्हणून सर्वांत आधी फरकाएवढीच रक्कम शोधायची.

दुसरी: 5,400, क्रेडिट जड. यादीत 5,400 नाही. मग निम्मे करा, 2,700. विक्री परत खातं 2,700चं होतं आणि मुलीने ते डेबिटऐवजी क्रेडिटला टाकलं होतं. "विक्री क्रेडिटला, म्हणून विक्री परतही तिकडेच" हे तिचं तर्कशास्त्र. रक्कम एका बाजूने गेली आणि दुसऱ्या बाजूला वाढली, म्हणून फरक दुप्पट दिसतो.

तिसरी: 180, डेबिट जड. 180 नाही, 90 नाही. मग 9ने भागा, 20 येतात. शेजारचे दोन आकडे उलटले की फरकाला 9ने नेहमी भाग जातो. भागाकार 20, म्हणजे दशक आणि शतक स्थानांची अदलाबदल आणि त्या दोन आकड्यांत 2चं अंतर. डेबिटच्या रकमा या नजरेने पाहिल्या तर रोख सापडली. खतावणीत 6,240, त्याच्या कागदावर 6,420. एक शून्य कमी-जास्त पडलं तरीही 9ने भाग जातो, तेही लक्षात ठेवा.

हा क्रम मोडू नका. 5,400लाही 9ने भाग जातो आणि 9,000लाही. 9चा नियम ज्यांना नुकताच कळलेला असतो ते उतावीळ लोक पहिल्यांदा तिथेच उडी मारतात आणि नसलेली अदलाबदल अर्धा तास शोधत बसतात.

चौथी चिठ्ठी वर्गातल्या सर्वांत घाईच्या मुलाची: 5,220, क्रेडिट जड. तेवढी रक्कम नाही. निम्मे 2,610, तेही नाही. 9ने भागून 580. शेजारचे आकडे उलटले असते तर एकच आकडा आणि पुढे शून्यं आली असती, आणि 580 किंवा 5,800 अशी रक्कमही यादीत नव्हती. म्हणजे बहुधा चुका एकापेक्षा जास्त आणि त्या एकमेकींत मिसळलेल्या. इथे फरकाकडून काही कळत नाही. मी म्हटलं, आता पेन्सिल घे, खतावणीतलं एकेक खातं बघ, रक्कम आणि बाजू दोन्ही जुळल्या तरच दोन्हीकडे टिक कर. तो म्हणाला, "एवढं कोण करतं? त्यापेक्षा सस्पेन्सला टाकतो."

सस्पेन्स खातं हा माझा दुसरा राग. चूक सापडेपर्यंत फरक तात्पुरता ठेवायची ती जागा आहे, आणि प्रश्नात सांगितलं असेल तर जरूर वापरा. स्वतःची बेरीज झाकायला वापरलेलं सस्पेन्स तपासणाऱ्याला लांबूनच दिसतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. कॅल्क्युलेटरवर बेरीज पुन्हा करताना त्याच क्रमाने करू नका. मी खालून वर करते, कारण डोळा त्याच जागी दुसऱ्यांदा सहसा घसरत नाही. चुकलेला आकडा गिरवून दुरुस्त करू नका, आडवी रेघ मारून वर नवा लिहा. आमचे आजोबा दुकानाच्या किर्दीत तसंच करायचे आणि नावे-जमा कधी अडलं नाही. खात्याची बाकी काढायच्या आधी ट्रायल बॅलन्स मांडायला घेऊ नका, यावर मी आणखी काही बोलणार नाही.

त्या दिवशी माझी साडेपाचची कदंब बस चुकली. रात्री घरचा फोन वाजला, तो घाईचा मुलगा. "रोख सापडली! मीही 6,420 लिहिलं होतं. पण आता फरक आणखी वाढला गो, 5,400 झाला."

"मग निम्मे कर," मी म्हणेपर्यंत त्याने फोन ठेवलाही होता.