इम्प्लांटच्या कोटिंगची पकड मोजताय? आकडा लिहायच्या आधी या चुका टाळा

मी नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. टायटॅनियमवर हाडातल्या खनिजासारख्या हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचं कोटिंग केलेले सॅम्पल आमच्याकडे खेचून बघायला येतात, आणि सगळ्यात जास्त गोंधळ "बॉंडिंग" या एका शब्दामुळे होतो. कोटिंग धातूला धरून आहे का हा एक प्रश्न, आणि हाड कोटिंगला धरतं का हा दुसरा. पहिला लॅबमध्ये खेचून कळतो, दुसऱ्यासाठी हाडात बसवलेला नमुनाच लागतो. एकाचा आकडा दुसऱ्याच्या जागी लिहिला की सगळा रिपोर्टच चुकतो.

मागच्या पावसाळ्यात ठाण्याहून प्रोजेक्टसाठी आलेल्या एका मुलाने पाच चकत्या खेचल्या. 25 मिमी व्यासाची चकती, म्हणजे क्षेत्रफळ साधारण 491 चौरस मिमी, कोटिंगच्या बाजूला गोंदाने दुसरा धातूचा तुकडा चिकटवायचा आणि मशीनमध्ये सरळ ओढायचं. तुटताना जो भार आला त्याला क्षेत्रफळाने भागायचं, बस. त्याचे आकडे आले 49, 48, 52, 21 आणि 23 एमपीए. "मॅडम, सरासरी जवळपास 39, आयएसओ 13779 या कोटिंगच्या मानकात तर 15 च मागितलेत!" पोरगं खूश होतं, पण मला ते दोन गट बघूनच शंका आली. कोटिंग एकाच बॅचचं असताना निम्म्याहून जास्त फरक पडेल कसा?

तुटलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली धरले. 21 आणि 23 वाल्यांमध्ये धातू बऱ्यापैकी उघडा पडलेला, आणि पांढरा थर समोरच्या तुकड्यावर गेलेला, म्हणजे तिथे खरंच कोटिंग सुटलं होतं. बाकीच्या तिघांत मात्र टायटॅनियमवरच गोंदाची चकाकी दिसत होती. प्लाझ्मा स्प्रेचं, म्हणजे वितळवून फवारलेलं, कोटिंग सच्छिद्र असतं, त्यात त्याने वापरलेला पातळ गोंद, तो कडक व्हायला वेळ घेतो तोवर भोकांमधून झिरपत धातूपर्यंत पोचला आणि मग मशीन कोटिंग नाही तर गोंदाची ताकद मोजत बसलं. नुसत्या गोंदाने दोन कोरे तुकडे जोडून ओढले तेव्हा 50 च्या आसपासच आलं, तेव्हा त्याला पटलं. हे कोरे तुकडे प्रत्येक बॅचबरोबर लावा, ही पायरी बहुतेक जण वाचवतात आणि तिथेच फसतात.

मग फिल्मच्या रूपात येणारा एपॉक्सी घेतला, तो चकतीच्या मापाने कापून वर वजन ठेवून ओव्हनमध्ये पक्का केला, तो झिरपत नाही फारसा. नव्या पाचही चकत्या 20 ते 25 च्या मध्ये आल्या. पास तर झाल्याच, पण आता तो आकडा कोटिंगचा होता. आणि गोंदातच तुटलं तर सरासरीत टाकू नका, "किमान एवढं" असं वेगळं लिहा.

उलट आकडा खूपच कमी आला तर आधी जोडणी तपासा. भार जरा तिरका लागला की चकती एका कडेने सोलली जाते, तुटलेला भाग एका बाजूला वेगळा दिसतो, आणि बिचाऱ्या कोटिंगवर खापर फुटतं.

बायोग्लास, म्हणजे हाडाला धरणारी काच, लावणाऱ्यांसाठी एक वेगळीच अडचण. ही काच शोधणाऱ्या लॅरी हेंचचं 45S5, म्हणजे 45 टक्के सिलिका असलेली काच, तापल्यावर टायटॅनियमपेक्षा बरीच जास्त पसरते, आणि थंड होताना जास्त आकसते, म्हणून भट्टीतून बाहेर आल्यावर तडे दिसतात. सिलिका वाढवली की तडे कमी होतात पण साधारण 60 टक्क्यांच्या पुढे हाडाला धरायचा गुणच जातो, त्यामुळे गोंद बदलून इथे काही सुटत नाही, काचेचं मिश्रणच बदलावं लागतं.

आता हाडाचं. कोटिंगवाला दांडा प्राण्याच्या हाडात काही आठवडे ठेवतात आणि मग तो ढकलून बाहेर काढतात. समजा 4 मिमी जाडीचा दांडा 5 मिमी लांबीभर हाडाला लागलाय आणि 630 न्यूटनला सरकला, तर बाजूचं क्षेत्रफळ 62.8 चौरस मिमी, म्हणजे 10 एमपीए. इथे मुख्य चूक असते खालच्या आधाराच्या भोकाची. ते दांड्याला घट्ट ठेवलं तर सांध्यावरचा ताण बदलतो आणि आकडा फुगतो, म्हणून चारही बाजूंनी किमान 0.7 मिमी जागा सोडा, म्हणजे या दांड्याला 5.4 मिमीचं भोक. हाड सुकू देऊ नका, ओलंच टेस्ट करा.

आणि इथेही ढकलल्यावर दांडा उचलून बघाच. दांड्यावर हाडाचे कण चिकटून आलेत तर तुटलं ते हाड, सांधा त्याहून मजबूत होता. दांडा धातूपर्यंत उघडा आणि कोटिंग हाडातच राहिलं, तर हाडाने कोटिंग धरलं होतं, सुटलं ते धातूकडून, मग तो मुलगा ज्या चकत्या खेचत होता तिकडेच परत जा.